निबंधातील ल-ळ आणि श-ष-स यांचा गोंधळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थ्याच्या दीड-दोन हजार शब्दांच्या निबंधात या चुका सगळीकडे विखुरलेल्या आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी चुकांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात ल-ळ आणि श-स यांच्या अदलाबदली. हे उच्चार वेगवेगळे आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचल्यावर बहुतेक चुका कानाला खटकतात. 'गाळ' आणि 'गाल' किंवा 'साप' आणि 'शाप' प्रमाण मराठी बोलणारा कोणी एकसारखे म्हणत नाही. दुसऱ्या ढिगात श-ष. आजच्या बोलण्यात 'भाषा'मधला ष आणि 'आशा'मधला श बहुतेकांच्या तोंडी सारखाच येतो, म्हणून कितीही वेळा मोठ्याने वाचले तरी ही चूक ऐकू येणार नाही. ती डोळ्यांनी आणि शब्दाच्या घडणीवरूनच पकडावी लागते.

दोन्ही ढीग एकाच वाचनात उपसायला गेलात तर निम्म्या चुका निसटतात. निबंध तीनदा वाचा: एकदा फक्त ल आणि ळ पाहत, दुसऱ्यांदा फक्त श आणि स, तिसऱ्यांदा फक्त ष. त्या वेळी आशय, विरामचिन्हे, ऱ्हस्व-दीर्घ यांकडे पाहायचेच नाही. शेवटच्या परिच्छेदापासून उलटे वर येत गेले तर मन गोष्टीत गुंतत नाही आणि अक्षरे जास्त दिसतात.

ळ कुठे येतो याचा काही नियम आहे का?

सगळ्या शब्दांना लागू पडेल असा एक नियम नाही. पण तीन गोष्टी पक्क्या धरल्या तर बरेचसे काम होते.

पहिली गोष्ट म्हणजे मराठी शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. ल आणि ळ यांची एकूण संख्या मोजली तर त्यातला मोठा भाग प्रत्ययांतच असतो, आणि प्रत्यय कधी बदलत नाहीत. भूतकाळाचे ला, ली, ले, लेला. भविष्यकाळाचे ईल, तील. 'घरातील', 'वरील', 'खालील', 'मधील' यांतला शेवट. 'सहनशील'मधला शील: या सगळ्यांत ल. 'त्यामुळे'मधला मुळे, 'घराजवळ'मधला जवळ, 'त्या वेळी'मधला वेळी, 'दयाळू'मधला आळू: यांत ळ. मग उरतो तो शब्दाचा गाभा. 'मिळाला' या शब्दात गाभा 'मिळ' आणि प्रत्यय 'ला'. 'बोलावला'मध्ये गाभा 'बोल'. शंका आली की क्रियापद 'णे' लावून म्हणून पाहा. मिळणे, कळणे, टाळणे, वगळणे, आढळणे, कोसळणे यांत ळ. बोलणे, चालणे, घालणे, उचलणे, बदलणे यांत ल. गाभ्यात जे अक्षर आहे ते क्रियापदाच्या सगळ्या रूपांत तेच राहते.

तिसरी गोष्ट शब्दाच्या इतिहासाची. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल, तर घरगुती मराठी शब्दात त्याचा सहसा ळ झाला: फल-फळ, कमल-कमळ, श्यामल-सावळा. ल जोडाक्षरात असेल किंवा प्राकृतात त्याचे द्वित्त झाले असेल, तर ल टिकला: गल्ल-गाल, तैल-तेल, पल्लव-पालवी, आणि कल्य-काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. म्हणून 'काल पाऊस आला' मधला काल आणि 'पावसाळ्याचा काळ' मधला काळ यांचे मूळच वेगळे आहे. त्याच कारणाने 'किल्ला', 'पिल्लू', 'गल्ली' अशा द्वित्तात ळ दिसत नाही.

'काळ' बरोबर असेल तर 'काळखंड' का चूक? आणि 'मूळ' असताना 'मूलभूत' का?

हा प्रश्न चांगल्या विद्यार्थ्यांनाही अडवतो, कारण इथे दोन्ही रूपे मराठीच आहेत. शब्द एकटा असला किंवा त्याला मराठी प्रत्यय लागला की ळ: काळ, काळात, काळाचा, मूळ, मुळात, फळ, फळे, स्थळ, स्थळी, बळ, बळकट. तोच शब्द संस्कृत समासात गेला किंवा त्याला संस्कृत प्रत्यय लागला की ल परत येतो: कालखंड, कालावधी, समकालीन, मूलभूत, समूल, फलित, सफल, स्थलांतर, बलवान.

याला अपवाद आहेत. 'दुष्काळ' आणि 'निष्फळ' यांची घडण संस्कृत वळणाची असूनही मराठीने त्यांत ळ ठेवला. 'प्रबल-प्रबळ', 'निर्मल-निर्मळ', 'शीतल-शीतळ' अशा जोड्यांत दोन्ही रूपे चालतात. अशा वेळी एक रूप निवडा आणि निबंधभर तेच ठेवा. पहिल्या पानावर 'दुर्बल घटक' आणि सहाव्यावर 'दुर्बळ घटक' असेल, तर दोन्ही शुद्ध असूनही वाचणाऱ्याला चूकच वाटते.

घरी ळ बोललाच जात नाही. मग कानावर विसंबायचे कसे?

विद्यार्थ्याच्या बोलीत ळ च्या जागी काय येते ते आधी पाहा. किनारपट्टीवरच्या काही बोलींत ळ चा ल होतो. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, अहिराणीतही ळ च्या जागी य येतो. हिंदी बोलत वाढलेल्या मुलांच्या बोलण्यात ळ नसतोच. य म्हणणाऱ्याचे काम खरे तर सोपे आहे: तो 'बोलणे'ला 'बोयणे' म्हणत नाही, म्हणजे ल आणि ळ यांतला फरक त्याच्या बोलीने जपलेला आहे, फक्त वेगळ्या आवाजात. जिथे घरी य ऐकू येतो आणि पुस्तकात ल किंवा ळ असतो, तिथे ळ लिहायचा.

ज्याच्या बोलण्यात दोन्हींचा ल होतो त्याला यादीच करावी लागते. पण शब्दकोशातले सगळे ळ पाठ करण्याची गरज नाही. निबंधात प्रत्यक्ष आलेले ळ चे गाभे वेगळे काढा. एका विषयावरच्या निबंधात तेच ते गाभे फिरून फिरून येतात, त्यामुळे यादी वाटते तेवढी लांबत नाही.

या विद्यार्थ्यांची आणखी एक खोड म्हणजे अतिदुरुस्ती. 'तू ळ लिहीत नाहीस' असे सारखे ऐकले की मूल नको तिथेही ळ घालू लागते: 'बोळावले', 'मुळे खेळत होती'. पहिल्या पानावर ल जास्त आणि पुढच्या पानांवर ळ जास्त दिसला तर हेच झाले आहे असे समजा.

श आणि स यांत घरच्या शब्दांसाठी काही खूण आहे का?

आहे. जुन्या, घरगुती मराठी शब्दाच्या सुरुवातीच्या अक्षराला इ, ई किंवा ए जोडलेला असेल तर श येतो: शेत, शेण, शेळी, शेंग, शेजार, शिंग, शिवणे, शिजणे, शिकणे. इतर स्वरांपुढे बहुधा स: साखर (मूळ शर्करा), सासू (मूळ श्वश्रू), सुका (मूळ शुष्क), सोळा (मूळ षोडश). बाहेरून आलेल्या शब्दांनाही मराठीने हेच वळण लावले. सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का. 'सिफारिश'ची तर गंमतच आहे: पहिल्या स चा श झाला आणि शेवटच्या श चा स, म्हणून आपण 'शिफारस' लिहितो.

संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द ही खूण पाळत नाहीत. सेवा, सीमा, सिंह, सेना यांत स. शब्द, शाखा, शांत, शक्ती यांत श. इंग्रजी शब्दांत मूळ उच्चार जसा असेल तसे.

'खिसा' पण 'खिशात', 'असे' पण 'अशी'. यात सुसंगती कुठे आहे?

सुसंगती आहे, आणि ती नीट समजली की निबंधातल्या बऱ्याच चुका एका फटक्यात जातात. ज्या पुल्लिंगी नामाच्या शेवटी 'सा' असतो, त्याला विभक्ती लागताना सा चा शा होतो: घसा-घशात, ससा-सशाला, मासा-माशाचा, आरसा-आरशात, पैसा-पैशांचा. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम आले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्या अठरांमध्ये या रूपांचा नियम आहे. ल-ळ किंवा श-ष कधी लिहावा याचा नियम मात्र त्यांत नाही, त्यामुळे ते तिथे शोधत बसू नका.

शेवटी नुसता 'स' असेल, 'सा' नसेल, तर बदल होत नाही: पाऊस-पावसात, कापूस-कापसाला, अभ्यास-अभ्यासात. 'वारस' आणि 'वारसा' ही जोडी फरक दाखवते. वारसाला जमीन मिळते, पण आपण वारशाने आलेल्या परंपरेबद्दल लिहितो. 'जिज्ञासा' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'जिज्ञासेने'.

अनेकवचनाच्या ए पुढे स तसाच राहतो: मासे, ससे, पैसे. 'माशे', 'पैशे' ही रूपे बोलण्यात असली तरी लिहायची नाहीत. ई पुढे मात्र श होतो: म्हैस-म्हशी, तुळस-तुळशीचे, दिवस-दुसऱ्या दिवशी. सर्वनामांचेही तसेच आहे: असा, असे, पण अशी, सामान्यरूपात अशा. 'असा प्रश्न', 'असे उत्तर', 'अशी अडचण', 'अशा वेळी' हे चार तुकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तरी पुरे. कसा, जसा, तसा हे शब्द त्यांच्यामागून जातात.

ष ऐकूच येत नाही. मग तो ओळखायचा कसा?

शेजारचे अक्षर पाहा. ट, ठ, ण यांच्याआधी ष: कष्ट, स्पष्ट, श्रेष्ठ, निष्ठा, उष्ण, गोष्ट. च, छ यांच्याआधी श: निश्चय, पश्चिम, आश्चर्य. त, थ यांच्याआधी स: पुस्तक, वस्तू, व्यवस्था. कारण तोंडातच आहे: जीभ ज्या जागी पुढचे अक्षर उच्चारणार, त्याच जागेचा ऊष्म वर्ण, म्हणजे श, ष किंवा स, आधी येतो. इंग्रजी शब्दांना हे लागू नाही. पोस्ट, स्टेशन, मास्टर यांत स च.

विसर्गाचा संधी झाला असेल तर विसर्गाआधीचा स्वर पाहा. पुढे क, प, फ असताना आधी इ किंवा उ असेल तर ष: निष्काम, निष्पाप, दुष्परिणाम, बहिष्कार, आविष्कार. आधी अ असेल तर स: नमस्कार, पुरस्कार, तिरस्कार. 'पुरष्कार' ही चूक 'बहिष्कार'च्या नादाने होते.

र्श आणि र्ष यांत शेजारी काही सांगत नाही, तिथे धातू पाहावा लागतो. दृश् पासून दर्शन, आदर्श, प्रदर्शन, मार्गदर्शन. स्पृश् पासून स्पर्श. मृश् पासून विमर्श. कृष् पासून आकर्षण, निष्कर्ष, उत्कर्ष. घृष् पासून संघर्ष. हृष् पासून हर्ष. वृष् पासून वर्षा. जोडीला 'दृश्य' आणि 'कृषी' हे दोन शब्द आठवले तरी धातूचे अक्षर समोर येते.

शब्दाची सुरुवात ष ने होत असेल तर त्यात 'सहा' लपलेला आहे का ते पाहा: षटकोन, षष्ठी, षण्मासिक, षोडश. 'षंढ'सारखा एखादाच शब्द याबाहेर राहतो. फारसी, अरबी, इंग्रजीतून आलेल्या शब्दांत ष नसतो, म्हणून खूश, पोशाख, नकाशा, होशियारपासून आलेला हुशार, सगळे श नेच.

'विशेष' की 'विषेश'? एकाच शब्दात दोन-तीन ऊष्म वर्ण असले की हमखास गडबड होते.

श आणि ष दोन्ही असलेल्या नेहमीच्या शब्दांत श आधी आणि ष नंतर येतो: विशेष, शोषण, शीर्षक, शिष्य, शेष, शुश्रूषा. 'शासन', 'प्रशासन', 'प्रशंसा', 'यशस्वी' यांत ष नाहीच. तिथे श नंतर स आहे. 'संशोधन', 'संशय' यांत उलट, कारण 'सं' हा उपसर्ग आहे. उपसर्ग बाजूला काढून पाहिला की उरलेला शब्द ओळखीचा वाटतो.

आणखी एक जागा स्र आणि श्र यांची. स्रोत, सहस्र, हिंस्र यांत स् आणि र आहेत, मध्ये त नाही. 'जलस्त्रोत' हे रूप फलकांवरही दिसते, पण ते चूकच. श्रम, आश्रय, मिश्रण यांत श् आणि र.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी दिसते?

पाणीटंचाईवरच्या निबंधातला नमुन्यासाठी रचलेला हा परिच्छेद घ्या:

> गेल्या तीन वर्शांत दुश्काळाने सेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. विहिरींचा गाल काढण्यासाठी साशनाने निधी दिला, पण तो वेलेवर मिलाला नाही. शकाली म्हसींना चारा नसतो आणि साळेतील मुळे टाकीपासी उभी असतात. खिस्यात पैसे नसल्याने टँकर बोळावता येत नाही.

पहिल्या वाचनात ल-ळ. 'गाल' (विहिरीला गाल नसतात), 'वेलेवर', 'मिलाला' (गाभा मिळ, प्रत्यय ला तसाच), 'शकाली'चा शेवट, आणि उलट्या बाजूने 'मुळे' व 'बोळावता'. शेवटचे दोन अतिदुरुस्तीचे.

दुसऱ्या वाचनात श-स. 'सेतकरी' (घरगुती शब्द, सुरुवातीला ए), 'साशन', 'शकाली'ची सुरुवात, 'म्हसींना' (ई पुढे श), 'साळेतील', 'टाकीपासी' (पाशी हा शब्दयोगी श चा, पासून, साठी, सारखा मात्र स चे), 'खिस्यात'.

तिसऱ्या वाचनात ष. 'वर्शांत' (वृष्) आणि 'दुश्काळ' (उ नंतरचा विसर्ग, पुढे क).

> गेल्या तीन वर्षांत दुष्काळाने शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. विहिरींचा गाळ काढण्यासाठी शासनाने निधी दिला, पण तो वेळेवर मिळाला नाही. सकाळी म्हशींना चारा नसतो आणि शाळेतील मुले टाकीपाशी उभी असतात. खिशात पैसे नसल्याने टँकर बोलावता येत नाही.

चौदा शब्द चुकलेले होते. त्यांतल्या 'गाल' आणि 'मुळे' यांखाली संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस लाल रेघ ओढणार नाही, कारण ते खरेच मराठी शब्द आहेत. काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, चाल-चाळ, पाली-पाळी, साल-शाल अशा जोड्या अर्थ पाहूनच सोडवाव्या लागतात.

निबंध टंकलेला आहे. 'शोधा आणि बदला' वापरून झटपट होईल का?

एकटे अक्षर कधीही सरसकट बदलू नका. ल च्या जागी ळ टाकला की 'केला'चा 'केळा' होतो. पूर्ण शब्द किंवा गाभा द्या ('वेले' च्या जागी 'वेळे') आणि प्रत्येक ठिकाणी पाहून होकार द्या, नाहीतर ज्यात 'वेले' बरोबरच आहे असे शब्दही बदलले जातील. ष शोधताना 'क्ष'ही सापडेल, कारण क्ष हा आत क, हलन्त आणि ष असाच साठवलेला असतो. लिब्रेऑफिसमध्ये नियमित पदावली चालू करून `(?<!क्)ष` शोधले की क्ष वगळला जातो.

एकच शब्द दोन प्रकारे लिहिला गेला आहे का, हे पाहायला पुढील पायथन पुरते. निबंध आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवा.

```
import re, collections
t = open("nibandh.txt", encoding="utf-8").read()
g = collections.defaultdict(collections.Counter)
m = str.maketrans("ळशष", "लसस")
for w in re.findall(r"[\u0900-\u0963\u0970-\u097f\u200d]+", t):
    g[w.translate(m)][w] += 1
for v in g.values():
    if len(v) > 1: print(dict(v))
```

'वेळेवर' सात वेळा आणि 'वेलेवर' दोन वेळा असे काही छापले गेले की पाहायची जागा कळते. निबंधभर एकसारखाच चुकवलेला शब्द मात्र यात दिसणार नाही.

टंकताना या चुका मुळात होतात कशा?

इनस्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत: `n` ने ल, `Shift+N` ने ळ. `m` ने स, `Shift+M` ने श. ष स्वल्पविरामाच्या कळीवर, शिफ्टसह. म्हणजे शिफ्ट निसटली की ळ चा ल आणि श चा स. अशा विद्यार्थ्याला व्याकरण शिकवून उपयोग नाही. त्याच शब्दाचे हस्तलिखित बरोबर असेल तर चूक बोटांची आहे. शेजारच्या `Shift+B` ने ऴ उमटतो. तो खाली टिंब असलेला वेगळा वर्ण आहे, मराठीत तो लागत नाही. रोमन अक्षरांतून टंकणाऱ्या अनेक पद्धतींत `L` म्हणजे ळ आणि `Sh` म्हणजे ष. लहान अक्षरे दिली की ल आणि श मिळतात.

छपाईत ल आणि श वेगळेच दिसतात. ती चूक आहे का?

नाही. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे दिसतात, पण युनिकोडमध्ये वर्ण तेच आहेत. दिसणे फॉन्टवर ठरते. मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली की मराठी वळण येते.

शब्दकोशात 'काळ' सापडत नाही.

मराठी वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे, त्यामुळे त्या क्रमाने लावलेल्या कोशात 'काळ' हा 'काल'च्या शेजारी नसून 'काह'ने सुरू होणाऱ्या शब्दांनंतर मिळेल. संगणकाने युनिकोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत मात्र ळ ल नंतर लगेच येतो.

निबंधात उद्धृत केलेले अभंग, ओव्या आणि आडनावेही दुरुस्त करायची का?

करू नका. अभंगात 'सकळ' असेल तर 'सकळ'च राहील, आणि 'काले' आडनावाचा माणूस 'काळे' होत नाही. उताऱ्याची प्रत मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. विद्यार्थ्याने उतरवून घेताना केलेली चूक मात्र सुधारायलाच हवी.

गुण देताना या चुका कशा मोजाव्यात?

तोच शब्द तसाच दहा वेळा चुकला असेल तर ती एक चूक धरणे न्याय्य, कारण अज्ञान एकाच शब्दाचे आहे. तोच शब्द कधी बरोबर आणि कधी चूक असेल तर तो तपासणीचा आळस. पानाच्या समासात तशी नोंद करा आणि निबंध तीन वाचनांसाठी परत द्या. समासात पूर्ण शुद्ध शब्द लिहून देण्याऐवजी ओळीसमोर नुसते 'ळ' किंवा 'ष' लिहिले, तर चूक कुठे आहे ते विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागते.